रिसर्च इंटरव्ह्यूला नाही म्हणताना मेलमध्ये किती लिहावं

प्रश्न: एक पीएचडी करणारी मुलगी कामाच्या ठिकाणी तक्रार केलेल्या लोकांवर अभ्यास करतेय, तिने मला इंटरव्ह्यूसाठी मेल केलाय. विषय चांगला आहे, मुलगीही सिन्सियर वाटते. पण आमचं क्षेत्र छोटं आहे आणि माझी गोष्ट कुठेही रेकॉर्ड व्हायला नको आहे. नाही म्हणायचंय, पण तिला वाईट वाटू नये असं. कारण सांगावं का? उगाच शंकेखोर तर वाटणार नाही ना?

उत्तर:

कारण सांगायचं बंधन अजिबात नाही. सांगायचंच असेल तर "प्रायव्हसी" एवढा एक शब्द पुरे. पण मेल लवकर पाठवा आणि त्यात "नाही" हे स्पष्ट लिहा. शंकेखोर वगैरे काही वाटणार नाही, उलट तुम्ही जे म्हणताय ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे. मी स्वतः बरीच वर्षं इंटरव्ह्यू घेऊनच संशोधन करते आणि माणसांवरचं संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या एका एथिक्स कमिटीवरही बसते, त्यामुळे असे नकार मला येतातही आणि दुसऱ्यांना आलेले वाचायलाही मिळतात. त्यावरून सांगते, यात तिला वाईट वाटण्याचा भाग छोटाच आहे, खरी अडचण वेगळीच आहे. लोक नाही म्हणतानाच अर्धा इंटरव्ह्यू देऊन बसतात! चांगलं वागायच्या नादात कारण सांगतात, कारण पटावं म्हणून तपशील देतात, आणि जे कुठे लिहिलं जायला नको होतं तेच स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाच्या ईमेलवरून लिहून पाठवतात.

आधी तुमच्या भीतीबद्दल. अभ्यासाची माहिती देणारं जे माहितीपत्रक अशा विनंतीसोबत येतं त्यात "तुमचं नाव गुप्त राहील" असं लिहिलेलं असेल, आणि ती ते मनापासून पाळेलही. पण नाव बदललं की माणूस ओळखता येत नाही हे फक्त अनोळखी वाचकाच्या बाबतीत खरं आहे. जो त्याच ऑफिसात, त्याच क्षेत्रात आहे त्याला नावाची गरजच नसते, तो गोष्टीवरून ओळखतो. कोणत्या हुद्द्यावर होती, साधारण कधी सोडलं, तक्रार कशाबद्दल, नंतर काय झालं, यातल्या दोनतीन गोष्टी जुळल्या की झालं. बाहेरच्यांपासून लपवणं आणि आतल्यांपासून लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संमतीपत्रात बहुतेक वेळा पहिलीचंच आश्वासन असतं. दुसरीचं प्रामाणिकपणे देताही येत नाही, कारण आतल्या माणसाला काय काय माहीत आहे हे संशोधकाला कुठून कळणार?

याचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं एक छोटं गाव. त्यावरचा अभ्यास १९५८ मध्ये पुस्तक म्हणून आला, गावाला "स्प्रिंगडेल" असं खोटं नाव दिलेलं, माणसांचीही नावं बदललेली. गावातल्या लोकांनी एकमेकांना सरळ ओळखलं. इतके चिडले की ४ जुलैच्या मिरवणुकीत पुस्तकातली खोटी नावं लावलेले मुखवटे घालून फिरले आणि शेणखताच्या गाडीवर संशोधकाचा पुतळा काढला. त्या संशोधकांनी नाव बदलण्याचं वचन मोडलं नव्हतं, ते पाळूनही हे झालं. तुम्ही "आमचं क्षेत्र छोटं आहे" म्हणता ना, ते हेच.

दुसरी बाजू कायद्याची. बोस्टन कॉलेजने २००१ ते २००६ मध्ये उत्तर आयर्लंडच्या संघर्षात प्रत्यक्ष सामील असलेल्या लोकांच्या मुलाखती टेप केल्या होत्या, आणि आपण जिवंत असेपर्यंत त्या बाहेर येणार नाहीत अशी बोलणाऱ्यांची समजूत होती. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी अमेरिकेतल्या कोर्टामार्फत टेप मागितल्या गेल्या, बराच काळ कोर्टबाजी चालली, शेवटी काही टेप द्याव्या लागल्या. तुमचं प्रकरण अर्थातच असलं नाही, घाबरवायला सांगत नाहीये. पण संशोधक काय वचन देते आणि तिची संस्था कोर्टासमोर काय टिकवू शकते यात अंतर असतं, एवढं खरं. तुमच्या प्रकरणात कोर्टकचेरीची थोडी जरी शक्यता असेल तर ही काळजी अगदी व्यावहारिक आहे.

म्हणजे तुमचं कारण रास्त आहे. आणि रास्त आहे म्हणूनच ते पटवून द्यायची गरज नाही. माणसांवरच्या संशोधनात सहभाग स्वेच्छेचाच हवा हे १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेतलं पहिलंच कलम आहे, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात "कारण न देता नकार देऊ शकता" अशा अर्थाची ओळ असते. ती ओळ शोभेची नाही, तीच वापरायची.

आता मेलकडे येऊ, कारण गडबड तिथेच होते. ओळखीतल्या एका बाईंनी अशाच विनंतीला लिहिलेलं उत्तर पाठवायच्या आधी मला दाखवलं होतं. त्यांना विचारून आणि तपशील बदलून इथे देते, नाहीतर या सगळ्या उत्तराला काय अर्थ!

"नमस्कार, तुमचा विषय खूपच महत्त्वाचा आहे आणि मला बोलायला नक्की आवडलं असतं. पण मी दोन वर्षांपूर्वी माझ्या डिपार्टमेंट हेडबद्दल तक्रार केली होती, ते प्रकरण समझोत्यावर मिटलं आणि त्याबद्दल बाहेर बोलायचं नाही अशी अट आहे. माझ्यासोबत आणखी एकीने तक्रार केली होती, ती आता दुसरीकडे आहे, ती कदाचित बोलेल, तिचा नंबर देऊ का? मला सध्या तरी जमणार नाही, पुढे बघू. मनापासून शुभेच्छा."

वाचताना किती सभ्य आणि मदतीचा वाटतो ना हा मेल. पण त्यात काय काय गेलं बघा. तक्रार केली होती, ती कोणाविरुद्ध होती, कधी होती, शेवट काय झाला, हे सगळं त्यांच्या नावासकट एका विद्यापीठाच्या मेलबॉक्समध्ये जाणार होतं. इंटरव्ह्यूत निदान संमतीपत्र असतं, रेकॉर्डिंग कुठे ठेवायचं, कधी नष्ट करायचं हे ठरलेलं असतं, नावाच्या जागी कोड येतो. या मेलला त्यातलं कुठलंच संरक्षण नाही. म्हणजे इंटरव्ह्यू दिला असता तर जेवढी जपली गेली असती त्यापेक्षा कमी जपलेल्या जागी तीच माहिती. दुसरं म्हणजे समझोत्याचा उल्लेख. अशा काही करारांत समझोता झालाय हे सांगणंसुद्धा मना असतं, म्हणजे अट पाळतेय हे सांगताना अट मोडली जाऊ शकते. तुमच्या बाबतीत असा काही कागद असेल तर एक अक्षरही लिहायच्या आधी तो काढून वाचा, समजला नाही तर वकिलाला दाखवा.

तिसरं त्या दुसऱ्या बाईंचं. त्यांना न विचारता त्यांची तक्रार उघड केली, आणि वर नंबर द्यायची तयारी. यात हेतू वाईट नसतो, आपण नाही म्हणतोय तर निदान दुसरं कोणी तरी मिळवून द्यावं असं वाटतं. पण आपली प्रायव्हसी जपताना दुसऱ्याची वाटून टाकण्यासारखं आहे ते. मदत करायचीच असेल तर संशोधकाचं माहितीपत्रक त्या व्यक्तीला तुम्ही परस्पर फॉरवर्ड करा, तुमच्याकडे आलेला मेल नको. तिला वाटलं तर ती स्वतः संपर्क करेल, नाही वाटलं तर संशोधकाला ती अस्तित्वात आहे हेही कळणार नाही. तेही तुमचा त्या व्यक्तीशी तितका विश्वासाचा संबंध असेल तरच, नाहीतर सोडून द्या.

आणि चौथं, "सध्या तरी जमणार नाही, पुढे बघू". माझ्या मते सगळ्या मेलमध्ये त्या मुलीला खरा त्रास देणारं वाक्य हेच. हे वाचून ती तुमचं नाव "नकार" मध्ये टाकणार नाही, "नंतर विचारा" मध्ये टाकेल, महिन्याभराने परत मेल करेल, तुम्हाला परत अवघडल्यासारखं होईल. इंटरव्ह्यूच्या अभ्यासात माणसं मुळात कमी असतात, प्रत्येक जागा मोजून ठेवलेली असते, त्यामुळे लटकलेली जागा ही गेलेल्या जागेपेक्षा वाईट. गेलेली जागा भरता येते, नकार येणार हे धरूनच लोक जास्त जणांना विचारतात. खरं सांगू का, मला स्वतःला स्पष्ट नाही आलं की हायसं वाटतं, लगेच पुढच्या माणसाकडे वळता येतं. उत्तरच न देणंही तसंच वाईट, कारण उत्तर नाही म्हटल्यावर रिमाइंडर येतो, मग आणखी एक.

मग कारण द्यावं की नाही? मी म्हणते एक शब्द द्या, आणि त्याचं कारण तुम्हाला कदाचित माहीत नसेल. इंटरव्ह्यूवर आधारित अभ्यास कसा लिहावा यासाठी कोरेक नावाची ३२ मुद्द्यांची यादी २००७ मध्ये आली, विशेषतः आरोग्याच्या क्षेत्रात बरीच जर्नल्स ती मागतात, आणि त्यातला १३ वा मुद्दाच असा आहे की किती जणांनी नकार दिला किंवा मधेच सोडलं, आणि का. म्हणजे तुमचा नकार हाही तिच्यासाठी आकडा असू शकतो. "काही जणांनी प्रायव्हसीच्या कारणाने नकार दिला" एवढं तिला लिहिता आलं तर तिच्या अभ्यासाला खरा उपयोग आहे, कारण मग वाचणाऱ्याला कळतं की कुठल्या प्रकारचे अनुभव या अभ्यासात आलेच नसतील. काही न सांगता इतकी मदत होत असेल तर काय वाईट? पण हे सर्वस्वी तुमच्यावर आहे, तोही शब्द द्यायचा नसेल तर नका देऊ.

मात्र एका शब्दाच्या पुढे गेलात की वाटाघाटी सुरू होतात. तुम्ही लिहिलंत की रेकॉर्डिंग नको वाटतं, तर ती म्हणणार रेकॉर्ड नाही करत, फक्त नोट्स घेते. ओळख पटेल म्हणालात तर ती म्हणणार की ट्रान्सक्रिप्ट आधी तुम्हाला दाखवते, नको ते काढा. यात ती चुकत नाही, एकदा पर्याय सांगणं हे आम्हीही योग्यच मानतो, काही लोक खरंच तेवढ्याने तयार होतात. पण तुमचा निर्णय झालेला असेल तर प्रत्येक अडचणीला उपाय सुचवला जातो आणि शेवटी नकाराला कारणच उरत नाही, मग भिडेने हो म्हणायची वेळ येते. म्हणून अडचण म्हणून लिहू नका, निर्णय म्हणून लिहा.

त्या बाईंनी शेवटी पाठवलेला मेल साधारण असा होता, हवा तर उचला:

"नमस्कार, तुमच्या अभ्यासासाठी मला विचारलंत त्याबद्दल आभार. माहितीपत्रक वाचलं. मी यात भाग घेणार नाही. कारण प्रायव्हसीचं आहे आणि निर्णय पक्का आहे, इंटरव्ह्यूची पद्धत बदलली तरी तो तसाच राहील. माझे संपर्काचे तपशील तुमच्या यादीतून काढून टाकावेत आणि या मेलमधला मजकूर अभ्यासात वापरू नये ही विनंती. नकारांची नोंद ठेवत असाल तर नावाशिवाय 'प्रायव्हसी' एवढं कारण लिहायला हरकत नाही. विषय मला महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला मोकळेपणाने बोलू शकणारी माणसं मिळोत आणि काम चांगलं होवो."

यात तक्रार केली होती की नाही हेही कळत नाही, हे लक्षात घ्या. तिने तुम्हाला विचारलं म्हणजे तिला कुठून तरी अंदाज असेल, पण तो तुमच्याकडून पक्का झालेला नाही. "मलाही असाच अनुभव आलाय म्हणून विषय जवळचा वाटतो" असलं वाक्य शुभेच्छांच्या ओघात हमखास येतं, ते तेवढं गाळा. शुभेच्छा तिच्या कामाला द्या, त्यात स्वतःला आणू नका.

यादीतून काढा म्हणताना एक छोटी मेख आहे. तिने तुमचं नाव पूर्ण पुसलं तर तिला लक्षात राहणार नाही की तुम्हाला विचारून झालंय, आणि उद्या दुसऱ्या कोणी तुमचं नाव सुचवलं तर परत मेल येऊ शकतो. म्हणून काही संशोधक "यांना परत विचारू नये" अशी वेगळी यादी ठेवतात आणि त्यात फक्त ईमेल असतो. तुम्हाला परत विचारलं जायला नको असेल तर तेवढं ठेवू द्या, कुठेच नाव नको असेल तर पूर्ण पुसायला सांगा आणि पुन्हा मेल येण्याची शक्यता धरून चाला. शिवाय विद्यापीठाच्या मेलचे बॅकअप तिच्या हातात नसतात, तिने डिलीट केलं तरी काही काळ प्रत कुठे तरी राहू शकते, म्हणूनच मुळात मेलमध्ये पुसावंसं वाटेल असं काही नसलेलं बरं. तिने आधी एखादा फॉर्म भरून घेतला असेल, वय, हुद्दा, अनुभव वगैरे, तर तोही काढायला सांगा, लोक तो विसरतात. आणि "अभ्यास झाला की मला पाठवा" म्हणालात तर त्यासाठी तुमचा पत्ता तिला ठेवावाच लागेल. त्यापेक्षा पीएचडीचा प्रबंध बहुतेक विद्यापीठं नंतर खुला करतात, तुम्हीच शोधून वाचा.

मेल ऑफिसच्या पत्त्यावर आला असेल तर तुम्ही काय उत्तर दिलंत हे तुमच्या संस्थेला दिसू शकतं. तरी मी तिथूनच दोन ओळीत उत्तर द्या म्हणेन, पर्सनल मेलवरून दिलंत तर तिला तुमचा आणखी एक पत्ता मिळाला, बाकी काही साधलं नाही. वरच्यासारखा मेल कोणी वाचला तरी हाती काही लागत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. ही विनंती सरळ तिच्याकडून आली असेल तर वरचं सगळं लागू. पण तुमच्या साहेबांनी किंवा एखाद्या संघटनेने "हिला मदत करा" म्हणून नाव दिलं असेल, तर उत्तर फक्त तिलाच पाठवा, मधल्या माणसाला सीसी नको, आणि मेलमध्ये एक वाक्य वाढवा की माझा निर्णय कोणालाही कळवू नये. कोण सहभागी झालं आणि कोण नाही हे मधल्या माणसाला न सांगणं हा तिच्या जबाबदारीचाच भाग आहे, पण लिहून दिलेलं बरं. ती तुमच्या ओळखीतली असेल तर आधी दोन शब्द फोनवर बोलून मग मेल करा, फोनवर मात्र "का गं, काय झालं?" या प्रश्नाला तयार राहा, तिथेच लोक घसरतात.

तुम्ही आधी हो म्हणून बसला असाल, संमतीपत्रावर सहीसुद्धा केली असेल, तरी इंटरव्ह्यूच्या आधी कधीही नाही म्हणता येतं. इंटरव्ह्यू होऊन गेला असेल तर मात्र घाई करावी लागते, कारण माहिती मागे घ्यायची मुदत असते, ती माहितीपत्रकात दिलेली असते, आणि एकदा विश्लेषणात मिसळलं किंवा नाव तोडून टाकलं की वेगळं काढणं अवघड होतं किंवा जमतच नाही. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात माहिती पुसून मागायचा हक्क आहे, पण त्यालाही संशोधनासाठी काही अपवाद ठेवलेत. तुम्ही त्या टप्प्याला आलेला नाहीत, म्हणून सगळं सोपं आहे.

एवढं करूनही तिने परत विचारलं तर? एकदा "काही शंका असेल तर सांगते" असं आलं तर मी ते मनावर घेणार नाही, एका ओळीत "आभार, निर्णय तोच आहे" पाठवा. त्यानंतरही मेल आला, किंवा तिने कारण खोदायला सुरुवात केली, तर माहितीपत्रकाच्या शेवटी गाइडचा आणि बहुतेक वेळा एथिक्स कमिटीचाही ईमेल असतो, तिथे कळवा. तक्रारीच्या सुरात लिहायची गरज नाही, नकार दिलाय आणि संपर्क थांबलेला नाही एवढंच तारखांसकट. कमिटीवर बसून सांगते, असा मेल आला की गाइडला फोन जातो आणि बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. आणि माहितीपत्रकच नसेल, किंवा त्यात असा कुठलाच पत्ता नसेल, तर दोन ओळींच्या नकारापलीकडे त्या व्यक्तीला काहीही पाठवू नका, "प्रायव्हसी" हा शब्दसुद्धा नको.